बुधादित्य, पण किती अंशांवर?

मूळ पोस्ट: रवी आणि बुध एका घरात असले की जातक बुद्धिमान निघतोच. बुध अस्तंगत असल्याचा बाऊ ज्योतिषी केवळ शांतीच्या दक्षिणेसाठी करतात.

गणितप्रेमी: बुध रवीपासून अठ्ठावीस अंशांपलीकडे जातच नाही, त्यामुळे ही युती घरोघरी सापडते; मग सगळेच बुद्धिमान का नाहीत, याचे उत्तर आपण द्यावे. कन्येत रवी १२ आणि बुध १५ अंशांवर घ्या. बुध उच्चीचा, पण अंतर तीनच अंश. अशा जातकाला विषय चटकन कळतो. मात्र वडील किंवा साहेब समोर असले की स्वतःचे मत त्याला मांडता येत नाही, असे आमच्याकडे फल सांगतात. आता रवी २ आणि बुध १८ अंशांवर ठेवा. अंतर सोळा अंश झाले आणि बुध मोकळा झाला. राशीकुंडलीत दोन्ही पत्रिका सारख्याच दिसतात, म्हणून स्पष्टग्रह पाहिल्याशिवाय योग जाहीर करू नये.

सुनंदा: माझ्या मुलाच्या पत्रिकेत दोघांत एकच अंश आहे. एका ज्योतिषांनी आम्हाला महागडा पाचू घ्यायला लावला, तो आजही कपाटात पडून आहे आणि मुलगा सीए झाला. आता कोणाचे खरे मानायचे?

गणितप्रेमी: ताई, पाचूचा हिशेब त्या ज्योतिषांकडे मागा. पंचमेश आणि गुरू न पाहता नुसत्या अस्तावर निकाल देणे हा त्यांचा दोष आहे.

वक्रीवाला: वक्री बुधाला अस्तदोष लागतच नाही, कारण तेव्हा तो पृथ्वीच्या जवळ असतो.

गणितप्रेमी: जवळ असतो हे खरे, पण निष्कर्ष अर्धाच. सूर्यसिद्धान्तात मार्गी बुधाला १४ आणि वक्रीला १२ अंश दिले आहेत, कारण वक्रीचे बिंब मोठे असते. सवलत दोन अंशांची आहे, माफी नाही.

शंकेखोर: ते अंश राशीचक्रावरचे नाहीतच, महाशय! ते कालांश आहेत. सहा कालांशांची एक घटी, म्हणजे चौदा कालांशांची छप्पन्न मिनिटे. रवी आणि बुध यांच्या उदयात किंवा अस्तात एवढा फरक पडला तरच बुध दिसू लागतो. तेवढ्याच राश्यंशांना ऋतू आणि अक्षांश बदलले की वेगळा वेळ लागतो. दिसण्याचे माप बुद्धीला लावून वर इतरांना गणित शिकवणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

गणितप्रेमी: कालांशांचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. पंचांगातला बुधाचा उदयास्त त्यावरच काढतात, हेही खरे. पण तीन अंशांवरचा बुध कोणत्याही मापाने अस्तंगतच राहतो. वाद फक्त काठावरच्या पत्रिकांचा उरतो.

शंकेखोर: काठावरच्या पत्रिका थोड्या नसतात. शिवाय रवी सिंहेत २९ आणि बुध कन्येत २ अंशांवर असेल, तर योग नाही आणि अस्त मात्र आहे. त्या जातकाच्या बुद्धीचे काय, हे मूळ पोस्टवाल्यांनी अजून सांगितलेले नाही.

मूळ पोस्ट: त्या जातकाची पत्रिका आधी पाठवा, मग पाहू. अयनांश कोणता धरला तेही लिहा.

शंकेखोर: अयनांश बदलल्याने दोघेही सारखेच सरकतात, राशी बदलेल, अंतर बदलणार नाही. एवढे तरी पडताळून विचारायचे होते.