मदत हवी आहे: काजू कारखान्याचा करंट रेशो २.१२, तरी सरांनी 'मग काय?' का लिहिलं?

डिचोलीची_पोर:

मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. अकाउंट्सच्या सरांनी आमच्याच भागातल्या एका काजू कारखान्याचा (प्रायव्हेट लिमिटेड) ताळेबंद नाव खोडून दिला आणि एक्सेलमध्ये वर्कशीट करायला सांगितली. लिक्विडिटीचे दोन रेशो, लेव्हरेजचे दोन, आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळी अर्थ. शीट परत आली ती लाल शाईने रंगून. आकडे काही चूक, आणि अर्थाच्या प्रत्येक ओळीपुढे 'मग काय?' एवढंच. विचारलं तर म्हणाले, सोमवारी परत करून आण.

३१ मार्चचे आकडे, सगळे लाखांत:

माल ५४ (त्यातल्या सुक्या काजू बिया ४१, बाकी गर आणि पॅकिंग), येणेकरी १४, रोख व बँक ३, आगाऊ भरलेला विमा १. एकूण चालू मालमत्ता ७२. स्थिर मालमत्ता ६०.

दुसऱ्या बाजूला बँकेची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी २६, देणेकरी ६, द्यायचे खर्च आणि कर २, टर्म लोन ३० (पैकी ६ पुढच्या वर्षात फेडायचे), घरच्यांकडून घेतलेलं विनातारण कर्ज २०, भांडवल २०, रिझर्व्ह २८. व्याज आणि कर जाण्याआधीचा नफा १८, व्याज ७.५.

शीटमध्ये B4 माल, B7 विमा, B8 एकूण चालू मालमत्ता, B10 ते B12 सीसी, देणेकरी आणि द्यायचे खर्च. माझं सूत्र:

```
=B8/SUM(B10:B12)
```

उत्तर २.१२. खाली लिहिलं, 'आदर्श २:१ पेक्षा जास्त, म्हणून कंपनीची स्थिती उत्तम.' क्विक रेशो ०.५०, 'समाधानकारक नाही.' डेट-इक्विटी ५० भागिले ४८, १.०४, 'ठीक.' व्याज कव्हरेज २.४ पट, 'चांगलं.' आता मलाच वाचताना कळतंय की एक म्हणतंय उत्तम, दुसरं म्हणतंय नाही. पण मग लिहायचं काय?

शिकवणीवाला_फोंडा:

पहिली चूक लगेच दिसते. टर्म लोनचे जे ६ लाख वर्षाच्या आत फेडायचे आहेत ते चालू देण्यात येतात. शेड्यूल ३ च्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते शॉर्ट टर्म बॉरोइंग्जमध्येच वेगळे दाखवतात. तू बेरीज B12 पर्यंत थांबवलीस, हप्ता B13 मध्ये राहिला. चालू देणी ३४ नाही, ४०. करंट रेशो ७२ भागिले ४० म्हणजे १.८०. क्विक म्हणजे माल आणि विमा वगळून १७ भागिले ४०, ०.४३.

```
=B8/SUM(B10:B13)
=(B8-B4-B7)/SUM(B10:B13)
```

आता १.८० हा २ पेक्षा कमी आणि ०.४३ हा १ पेक्षा कमी. सरळ लिही, दोन्ही आदर्श प्रमाणापेक्षा खाली, लिक्विडिटी कमकुवत. परीक्षेत पूर्ण मार्क.

कोलवाळ_किंग:

लेव्हरेज म्हणजे तेच ना, मार्जिनवर पाचपट पोझिशन घेतात ते? माझा एक मित्र एफ अँड ओमध्ये असाच बुडाला. डेट-इक्विटी १.०४ म्हणजे अगदीच कमी लेव्हरेज आहे, घाबरू नकोस.

शिकवणीवाला_फोंडा:

@कोलवाळ_किंग, अहो, धंद्यात कर्जाचं मालकाच्या पैशाशी प्रमाण विचारलंय. शेअर बाजाराचा धागा वेगळा आहे.

निवृत्त_कर्जविभाग:

बाय, मी २९ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच बार्देश आणि डिचोलीत काजूवाल्यांच्या फायली बघण्यात. हप्त्याची चूक वर दाखवली ती बरोबर. पण 'आदर्श' या शब्दापाशीच तुझे सर अडले असणार, असं मला वाटतं.

हा ताळेबंद कुठल्या तारखेचा? ३१ मार्च. आपल्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे बियांची खरेदी ऐन रंगात. वर्षभर फोडायला लागणाऱ्या बिया या दोन-तीन महिन्यांतच घ्याव्या लागतात, कारण नंतर त्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भावात मिळत नाहीत. म्हणून त्या दिवशी माल फुगलेला आणि सीसी ताणलेली, दोन्ही एकदम. आता एक गणित करून बघ. समज, ह्याच कारखान्याने २० लाखांचा माल नफा न घेता, खरेदीच्या किमतीलाच विकला आणि पैसे सीसीत भरले. चालू मालमत्ता ५२, चालू देणी २०. करंट रेशो २.६०. क्विक १७ भागिले २०, ०.८५. धंद्यात एक पैसा वाढला नाही, तरी शीटवर कंपनी सुधारली! उलट गोष्टही लक्षात ठेव: रेशो १ च्या खाली असेल तेव्हा असंच देणं फेडलं की तो आणखी घसरतो. हा प्रश्न पेपरात दर दोन वर्षांनी येतो आणि मुलं पाठ केलेलं लिहितात.

म्हणून १.८० खाली 'कमकुवत' लिहिण्याआधी ५४ लाखांचा माल म्हणजे काय ते बघ. ४१ लाखांच्या तर नुसत्या बियाच. त्या वाळवायच्या, भाजायच्या किंवा वाफवायच्या, फोडायच्या, साल काढायची, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे प्रकार लावायचे. साधारण ४ किलो बियांतून १ किलो गर. एवढं झाल्यावर तो विकायचा, आणि चांगला उठाव चतुर्थी-दिवाळीला. हे पैसे ३० दिवसांत हातात येणारे नाहीत. शिवाय हा माल बँकेला हायपोथिकेट आहे, विकला की आधी सीसी भरायची. करंट आणि क्विक यांच्यातली १.८० ते ०.४३ ही दरी हाच तुझ्या उत्तराचा गाभा. लिही की देणी भागवण्याची क्षमता मालाच्या विक्रीवर टेकलेली आहे आणि ती विक्री हंगामी आहे. 'मग काय?' ला हेच उत्तर.

आता २:१ विषयी. आमच्या काळात खेळत्या भांडवलासाठी टंडन समितीची दुसरी पद्धत होती. चालू मालमत्तेच्या २५ टक्के मालकाने स्वतःच्या आणि दीर्घ मुदतीच्या पैशातून घालायचे, त्यातून करंट रेशो किमान १.३३ निघतो. मंजुरीच्या टेबलावर आम्ही तो बघत होतो, २ कोणी बघत नव्हतं. १.८० हा त्या हिशेबाने आरामात आहे.

हणजूण_गेस्टहाउस:

माझं थोडं विषयांतर. आमचा करंट रेशो ०.७ आहे, सीए दरवर्षी भुवया वर करतो. पण आमच्याकडे पाहुणे खोलीत शिरण्याआधीच आगाऊ पैसे देतात, आणि तेच देण्यात दिसतात. भाजीवाला महिन्याने घेतो. मग आम्ही बुडालो का? अजून तरी नाही. काजूला एक आदर्श आणि गेस्टहाउसला दुसरा का नको?

निवृत्त_कर्जविभाग:

बरोबर बोललात. आगाऊ रक्कम देणं असली तरी ती सेवा देऊन फिटते, रोकड देऊन नाही. मात्र पावसाळ्यात बुकिंग बंद होतं तेव्हा हीच रक्कम आटते आणि भाजीवाला थांबत नाही, ते मात्र बघा.

डिचोलीची_पोर:

काका, देव बरें करूं! मालाचं मला सुचलंच नव्हतं, आणि आमच्या घराच्या मागे बिया वाळत घातलेल्या असतात. आता डेट-इक्विटी. हप्ता बाहेर काढला तर दीर्घ मुदतीचं कर्ज २४ अधिक २०, म्हणजे ४४. ४४ भागिले ४८, ०.९२. हे बरोबर?

शिकवणीवाला_फोंडा:

बरोबर. बारावीपासून हेच शिकवतात, फक्त दीर्घ मुदतीचं कर्ज.

निवृत्त_कर्जविभाग:

एनसीईआरटीच्या पुस्तकात तसं आहे, मान्य. पण कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांत जे रेशो द्यावे लागतात, त्यांच्यासाठीच्या आयसीएआयच्या मार्गदर्शनात अंश म्हणजे सगळं कर्ज. मग सीसी २६ आणि हप्ता ६ सुद्धा धरायचा: ७६ भागिले ४८, १.५८. एकाच कंपनीचे ०.९२ आणि १.५८, आणि दोन्ही खरे. कुठली व्याख्या घेतलीस ते शीटच्या डोक्यावर लिही, नाहीतर गेल्या वर्षाशी तुलना करताना स्वतःच फसशील. काजूवाल्याच्या बाबतीत सीसी सोडणं मला पटत नाही, कारण ती दर मार्चला पुन्हा ताणलेलीच असते. ती नावापुरतीच अल्प मुदतीची.

व्याज कव्हरेज २.४ ठीक आहे, पण त्यात फक्त व्याज भागतं. मुद्दलाचे ६ लाख त्याच नफ्यातून जायचेत. एवढी एक ओळ लिही आणि पुढे जा.

आणि हो, त्या २० लाखांच्या घरच्या कर्जाची टीप वाचलीस का?

डिचोलीची_पोर:

आत्ता उघडली. टीप ५: 'संचालकांच्या नातेवाईकांकडून, व्याज ९ टक्के, मागणी केल्यावर परतफेड.'

निवृत्त_कर्जविभाग:

मग शीट पुन्हा उघड. मागताक्षणी द्यायचं असेल तर १२ महिने थांबवण्याचा हक्क कंपनीकडे नाही. ते चालू देण्यात जातं. चालू देणी ६०, करंट रेशो १.२०, क्विक १७ भागिले ६०, ०.२८. आणि गंमत म्हणजे पुस्तकी डेट-इक्विटी सुधारते, २४ भागिले ४८, ०.५०! तेच २० लाख एका ओळीतून दुसरीत सरकले, एक रेशो रडतो, दुसरा हसतो. सगळं कर्ज धरलं तर १.५८ च राहतो, तो हलत नाही.

शिकवणीवाला_फोंडा:

पण घरचे लोक मार्चमध्ये पैसे मागणार आहेत का? गोव्यातली अर्धी कुटुंबं अशीच चालतात. माझ्या मते ते भांडवलच.

निवृत्त_कर्जविभाग:

बँकसुद्धा कधी कधी तसं धरते, पण तेव्हा घरच्यांकडून लिहून घेते की आमचं कर्ज आहे तोवर तुम्ही काढणार नाही. मग देणेकरी आणि द्यायच्या खर्चासकट एकूण देणी ६४ आणि मालकाचं ६८ असं धरून ०.९४ येतं, नाहीतर ८४ भागिले ४८, १.७५. तसं पत्र टिपांत आहे का, ते बघ. नसेल तर 'मागणार नाहीत' हा तुमचा-माझा अंदाज. आणि भावाभावांत वाटणी निघाली की अंदाज कसे उडतात ते मी फोंड्यात पाहिलंय.

डिचोलीची_पोर:

पत्राचा उल्लेख कुठेच नाही. तारण आणि हमीच्या टिपेतही फक्त संचालकांची वैयक्तिक हमी आहे. छापलेल्या ताळेबंदात मात्र ते दीर्घ मुदतीतच दाखवलंय, मी तिथूनच उचललं होतं. मग ऑडिटरने ते तिथे कसं ठेवलं?

शिकवणीवाला_फोंडा:

टीप छापताना गेल्या वर्षाची मजकुरासकट उचलली असेल, किंवा करार वेगळा असेल. सरांनाच विचार.

डिचोलीची_पोर:

दोन कॉलम करते. एकात छापलंय तसं, दुसऱ्यात टीप ५ धरून, आणि प्रत्येक रेशोखाली फरक कशाने पडला ते. सोमवारी सर काय म्हणतात ते इथेच लिहिते. @हणजूण_गेस्टहाउस, तुमचा ताळेबंद सरावाला मिळेल का? नाव खोडून.

हणजूण_गेस्टहाउस:

सीएला विचारतो. तो आधी भुवया वर करेल.