पाया खचला, हे तुम्ही पाहिलंत का?

> "पाहणीच्या रिपोर्टात निरीक्षण, मोजमाप आणि शिफारस एकमेकांत मिसळतात. वेगळी कशी ठेवावीत?"

चाळीसगावकडे काळ्या मातीवरच्या एका घराच्या रिपोर्टात मी 'पाया खचल्याने भिंतीला तडा' असं लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी विचारलं, "खचताना पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं. पाहिला होता फक्त तडा.

मग तिन्ही भाग वेगळे करून नव्याने लिहिलं. निरीक्षण, नि-१: पश्चिम भिंत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरका तडा, वर रुंद, खाली बारीक, फोटो ३. इथे 'मुळे' हा शब्द आला की समजायचं, निष्कर्ष घुसला. मोजमाप, मो-१: नि-१ वर पेन्सिलीने खूण केलेली जागा, जमिनीपासून २.३ मीटर, क्रॅक गेजवर रुंदी २.५ मिमी, १४ मे, सकाळी. खूण यासाठी, की दुसरा इंजिनिअर नेमकं तिथेच मोजू शकेल.

तारीख तर आपल्याकडे सोडायचीच नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. ऑगस्टमध्ये त्याच खुणेवर १ मिमी भरला. म्हणजे तडा हंगामाबरोबर हलत होता. पाया सतत खचत असता, तर तडा असा अरुंद झाला नसता.

'संभाव्य कारण' असा चौथा भाग ठेवा, नाहीतर ते निरीक्षणात शिरतंच. शिफारशीपुढे आधार लिहा: शि-१ (नि-१, मो-१): वर्षभर दर महिन्याला मोजणी, तोवर तडा बुजवू नये. ज्या शिफारशीच्या कंसात काहीच लिहिता येत नाही, ती मी खोडतो. मालक कुरकुरतात, त्यांना लगेच प्लास्टर हवं असतं!