शब्दचर्चा : आर्क ‘विझतो’ की ‘विझवतात’? आणि ‘रिकव्हरी’ नेमकी कोणाची?

भाषांतरकार : सर्किट ब्रेकरच्या देखभालीची एक प्रशिक्षण पुस्तिका मी मराठीत आणत आहे. निर्वात ब्रेकर आणि एसएफ-६ वायूचा ब्रेकर यांची तुलना करणाऱ्या प्रकरणात ‘रिकव्हरी’ हा शब्द दोन ठिकाणी येतो, एकदा व्होल्टेजसाठी आणि एकदा संपर्कांमधल्या फटीच्या सहनक्षमतेसाठी. दोन्हींना मी ‘पुनर्प्राप्ती’ असा प्रतिशब्द योजला, तेव्हा माझे वाक्य असे झाले : ‘प्रवाह शून्य झाल्यावर क्षमतेची पुनर्प्राप्ती व्होल्टेजच्या पुनर्प्राप्तीपेक्षा वेगाने व्हावी.’ व्याकरणाला धरून असले तरी हे वाक्य वाचून तंत्रज्ञाला काही समजेल असे मला वाटत नाही.

कोशप्रेमी : ‘व्होल्टेज’ऐवजी ‘विद्युतदाब’ वापरावा असे मी सुचवेन. शालेय पुस्तकांमुळे तो शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे आणि त्याचे सामान्यरूपही सहज होते.

भाषांतरकार : ‘विद्युतदाब’ मला मान्य आहे, पण माझी अडचण ‘रिकव्हरी’शी आहे.

पदविकाधारक : माझ्या मते मुळात दोन्ही ब्रेकरांसाठी एकच वाक्य वापरणे चुकीचे आहे. निर्वातात आयनीभूत होण्यासारखे काहीच नसल्याने तिथे आर्क निर्माणच होत नाही. त्यामुळे ‘आर्क विझवणे’ हा शब्दप्रयोग फक्त वायूच्या ब्रेकरला लावावा.

चाचणी अभियंता : दोन ब्रेकरांसाठी वेगळी क्रियापदे हवीत हे तुमचे म्हणणे मला पटते, पण त्यामागचे कारण तसे नाही. निर्वातातही आर्क होतो. संपर्क दूर होताना शेवटच्या स्पर्शबिंदूवरचा धातू वितळून त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून आर्क जळतो. एरवी संपर्क ज्या निर्वात बाटलीत बंद असतात तिच्यात काही नसते, म्हणूनच प्रवाह शून्याजवळ आला की ऋण संपर्कावरचे तेजस्वी ठिपके मरतात, वाफेचा पुरवठा थांबतो आणि उरलेली वाफ संपर्कांवर व भोवतालच्या धातूच्या कवचावर काही मायक्रोसेकंदांत जमून जाते. बाहेरून फुंकर घालणारे कोणी नसते, त्यामुळे निर्वातातला आर्क ‘विझतो’.

एसएफ-६ मध्ये मात्र आर्क ‘विझवावा’ लागतो. हलत्या संपर्काबरोबरचे सिलिंडर वायू दाबते आणि नळीच्या तोंडातून तो आर्कवर सोडते. झोत पुरेसा जोराचा होण्याआधी प्रवाहाचे शून्य आले, तर ब्रेकरला पुढच्या शून्यापर्यंत थांबावे लागते. शून्यानंतरही आर्कच्या वाटेतला वायू तापलेला आणि किंचित वाहक असतो, आणि त्या क्षणी फटीवरचा विद्युतदाब फार झपाट्याने चढला तर तोच वायू पुन्हा पेटतो. जवळच्या लाइनवरचा दोष तोडणे वायूच्या ब्रेकरला जड जाते ते यामुळे.

‘रिकव्हरी’साठीही मी दोन क्रियापदे सुचवतो : दाब ‘चढतो’ आणि फट ‘सावरते’. १२ किलोव्होल्ट वर्गाच्या केबल-जाळ्यातल्या ब्रेकरची पूर्ण दोषप्रवाहावर चाचणी घेताना, मानकाप्रमाणे हा दाब साधारण ६१ मायक्रोसेकंदांत २०.६ किलोव्होल्टपर्यंत चढवला जातो. तेवढ्या अवधीत फट सावरायला हवी, आणि त्या शर्यतीत निर्वात सहसा पुढे असतो.

उपकेंद्र पाळीप्रमुख : शब्दामुळे आमचे किती नुकसान झाले ते इथे सांगतो. आमच्याकडे ३३ किलोव्होल्टच्या, न्यूट्रल अर्थ केलेल्या कपॅसिटर बँकेवर निर्वात ब्रेकर आहे. एकदा बँक बंद केल्यावर अरेस्टरचा काउंटर एकाने पुढे सरकलेला दिसला आणि दुसऱ्या दिवशी एका फेजमधला एक डबा फुगलेला आढळला. ‘आर्क नीट विझला नाही’ असे मी अहवालात लिहिले. ते वाचून आलेल्या मंडळींनी संपर्क उघडण्याचा वेळ आणि स्प्रिंगचा ताण तपासला. दोन्ही ठीक निघाल्याने ब्रेकर पुन्हा सेवेत गेला आणि तीन आठवड्यांनी तेच घडले. नंतर नोंदयंत्रातला आलेख काढला, तर प्रवाह वेळेवर शून्य झालेला होता, तो ८ मिलीसेकंद शून्यच राहिला होता आणि मग एक उंच, बारीक टोक होते.

चाचणी अभियंता : म्हणजे आर्क व्यवस्थित विझला होता. हिशेब मांडून पाहू. ३३ किलोव्होल्टच्या एका फेजचे शिखर सुमारे २७ किलोव्होल्ट असते. कपॅसिटरचा प्रवाह शून्य होतो तेव्हा दाब नेमका शिखरावर असल्याने बँकेवर ते २७ तसेच अडकून राहतात, तर स्रोताचा दाब आपल्या गतीने उलट्या बाजूला जातो. ८ मिलीसेकंदांनी फटीवर साधारण ४९ किलोव्होल्ट होते, आणि १० मिलीसेकंदांनी ते ५४ झाले असते. हा दाब सावकाश चढतो, पण खूप उंच जातो. त्या क्षणी फट फुटली की बँकेचा दाब स्रोताला ओलांडून पलीकडे झोका घेतो आणि ऱ्हास धरला नाही तर उलट दिशेने ७० किलोव्होल्टपर्यंत पोहोचतो. अरेस्टरने तो वाटेतच छाटला असणार, म्हणून काउंटर सरकला.

इथे निर्वाताची कमकुवत बाजू दिसते. बँक चालू करताना संपर्क टेकण्याआधीच ठिणगी पडते, बँकेत शिरणारा मोठा प्रवाह संपर्काचा पृष्ठभाग जरासा वितळवतो आणि तिथे सूक्ष्म वेल्डिंग होते. पुढे उघडताना ते तुटले की टोकदार उंचवटा किंवा सुटा कण राहतो, आणि तो काही मिलीसेकंदांनी, क्वचित त्याहून बऱ्याच उशिरा, फट फोडतो. निर्वाताची फट लवकर सावरते खरी, पण पुढे ती किती टिकेल हे पृष्ठभागावर अवलंबून असते. एसएफ-६ ची फट सावरायला जास्त वेळ घेते, पण थंड झाल्यावर वायूची घनता योग्य असेल तर तिची सहनक्षमता बरीच स्थिर राहते.

पदविकाधारक : मग कपॅसिटरसाठी वायूचाच ब्रेकर घ्यावा असे म्हणता येईल का?

चाचणी अभियंता : तसे सरसकट म्हणता येणार नाही. कपॅसिटरचा प्रवाह लहान असल्याने वायूचा ब्रेकर तो फट जेमतेम उघडली असतानाच तोडू शकतो. मग चढत्या दाबाच्या पुढे राहण्याइतक्या वेगाने संपर्क दूर गेले पाहिजेत, आणि यंत्रणा मंदावली असेल तर तोही फुटतो. दोन्ही प्रकारांत सी-२ वर्गाची चाचणी उत्तीर्ण झालेले ब्रेकर मिळतात, तेव्हा आधी पाटीवर तो वर्ग पाहावा. पाळीप्रमुख, बाटलीची उघड्या स्थितीत उच्चदाब चाचणी केली होती का?

पाळीप्रमुख : दुसऱ्या घटनेनंतर केली. दाब चढवताना त्या फेजची बाटली वारंवार फुटत होती, उरलेल्या दोन टिकल्या. ती बदलल्यापासून काउंटर सरकलेला नाही.

भाषांतरकार : माझे वाक्य आता असे होईल : ‘प्रवाह शून्य झाल्यावर विद्युतदाब चढण्याआधी फट सावरली पाहिजे.’ आता ‘रिइग्निशन’ आणि ‘रिस्ट्राइक’ हे दोन शब्द उरतात. शून्यानंतर पाव आवर्तनाच्या आत, म्हणजे ५० हर्ट्झला ५ मिलीसेकंदांच्या आत, प्रवाह पुन्हा सुरू झाला तर पहिला शब्द, त्यानंतर झाला तर दुसरा. पहिल्याला ‘पुन्हा पेटणे’ आणि दुसऱ्याला ‘उशिरा फुटणे’ चालेल का?

कोशप्रेमी : पुस्तिकेसाठी ‘पुनर्ज्वलन’ आणि ‘पुनर्भेदन’ अधिक योग्य वाटतात, कारण त्यांची विशेषणे करता येतात.

पाळीप्रमुख : ‘पुनर्भेदन’मध्ये उशीर दिसत नाही. अहवालात ‘८ मिलीसेकंदांनी उशिरा फुटले’ असे लिहिले असते, तर त्या मंडळींनी स्प्रिंगऐवजी बाटली तपासली असती.

चाचणी अभियंता : माझे मतही ‘उशिरा फुटणे’कडे झुकते. मात्र ‘उशिरा फुटणारा ब्रेकर’ असे विशेषण केले, तर ब्रेकरच उशिरा उघडतो असा अर्थ कोणी घेऊ शकेल, आणि त्यावर उपाय मला अजून सुचलेला नाही.