जळगावचा कार्यक्रम: सदस्यांची आगाऊ तिकिटं आणि उरलेल्या खुर्च्या

वैशाली, लंडन

रामराम मंडळी,

डिसेंबरअखेरीस परदेशात राहणारे आपले बरेच सदस्य घरी असतात, म्हणून अहिराणी नाटक आणि नंतर भरीत पार्टी जळगावातच. नाट्यगृहात ४०० खुर्च्या आहेत. त्यातल्या २२० सदस्यांना, १४० गावकऱ्यांना, २० जिना चढू न शकणाऱ्यांना व त्यांच्या सोबत्यांना, २० कलाकारांच्या घरच्यांना, असं ठरतंय. आपली कुटुंबं ११०, म्हणजे प्रत्येकी दोन. आगाऊ तिकीट काढायला सगळ्यांना एकच कोड द्यायचा नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि खऱ्या सदस्यालाच तिकीट मिळत नाही. प्रत्येक कुटुंबाला वेगळा कोड, तो दोनदाच चालेल. मुदत दहा दिवस. उरलेल्या खुर्च्यांचं काय करायचं ते सांगा.

मिलिंद, न्यू जर्सी

त्यात करायचं काय? प्रीटिक्स या तिकीटविक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडला शेवटची तारीख घालता येते. तारीख उलटली की अडवलेल्या जागा आपोआप मोकळ्या होतात आणि खुल्या विक्रीत जातात. आपण हात लावायची गरजच नाही.

सुनंदा, दुबई

माझे आईवडील भुसावळला असतात, वडिलांचे गुडघे गेलेत. मी यंदा येत नाही. माझ्या कोडवर त्यांची तिकिटं काढली तर दारात अडवतील का? आणि त्यांची गणती सदस्यांत की त्या वीस जागांत?

हेमंत, म्युनिक

सुनंदाताई, कोड तुमचा, तिकिटावर नाव त्यांचं, आणि दारात बघायचा तो क्यूआर. पण वडिलांना जिना नको असेल तर त्या वीसमधलीच मागा, म्हणजे तुमचा कोड दुसऱ्या कुणा पाहुण्यासाठी मोकळा राहील.

मिलिंद, जागा मोकळ्या होतात हे बरोबर, पण त्या सदस्यांच्याच कोट्यात मोकळ्या होतात. सदस्यांचं तिकीट कोडशिवाय दिसत नाही आणि कोड तर संपलेले. गावकऱ्यांचं तिकीट वेगळ्या कोट्यावर चालतं, त्याचा आकडा १४० च राहतो. नाटकाच्या दिवशी बाहेर ‘तिकिटं संपली’ आणि आत रिकाम्या रांगा, असं होतं ते यामुळे. गावकऱ्यांचा कोटा कुणीतरी हाताने वाढवावा लागतो. सगळ्या तिकिटांवर ४०० चा एक सामाईक कोटाही लावा. तिकीट ज्या ज्या कोट्यांत असेल त्या सगळ्यांत जागा असेल तरच विकलं जातं, त्यामुळे वाढवताना चूक झाली तरी ४०१ वं तिकीट निघणार नाही.

वाढवण्याआधी कोट्याचं पान उघडून बघायचं. पैसे आलेली, पैसे यायची, कोडने अडवलेली, कार्टमधली अशी वेगळी मोजणी तिथे असते. समजा मुदत संपली तेव्हा १४२ चे पैसे आलेत आणि ६ जणांनी बँकेतून पाठवतो म्हटलंय. मग मोकळ्या ७२. ज्याने फक्त १४२ बघून ७८ वाटल्या, त्याने ते सहा पैसे आले की कुठे बसवायचे? कार्टमधली जागा मूळ सेटिंगवर तीस मिनिटं अडून राहते, तेवढं थांबून मगच आकडा घ्या. आणि बँकेतून पैसे पाठवायची मुदत मुळात चौदा दिवस असते, ती कमी करा, नाहीतर आगाऊ विक्री संपली तरी हिशेब उघडाच राहील.

आता ७२ कुणाला? ज्यांना दोनपेक्षा जास्त हवीत त्यांनी मुदतीतच नाव नोंदवावं, आणखी दोनच मिळतील. निम्म्या म्हणजे ३६ जागा त्यांना. ३१ कुटुंबांनी नाव दिलं तर त्यातली १८ चिठ्ठी टाकून निवडायची. आधी येईल त्याला नको. जळगावात रात्री आठला विक्री उघडली की न्यू यॉर्कला थंडीत सकाळचे साडेनऊ आणि सिडनीला रात्रीचा दीड. ती शर्यत सरळ नाही. बाकीच्या ३६ गावकऱ्यांना, म्हणजे त्यांचा कोटा १७६.

मिलिंद, न्यू जर्सी

हाताने वाढवावं लागतं हे माहीत नव्हतं, मान्य. पण निम्म्या का? वर्गणी आपण भरतो. आधी ३१ च्या ३१ कुटुंबांना द्या, ६२ होतात, उरलेल्या दहा खुल्या करा.

शरदकाका, जळगाव

मी इथे पोस्टर लावत फिरतोय. लोक विचारतात, “काका, तिकीट कधी?” त्यांना तारीख एकदाच सांगता येते. १४० ची विक्री कशाहीसाठी पुढे ढकलू नका, आणि वाढीव किती मिळतील ते आधी जाहीर करा. दोन दिवस आधी ‘आणखी आलीत’ म्हटलं तर चाळीसगाव-चोपड्याची माणसं गाडीचं जमवणार कधी? आणि थोडी तिकिटं रोखीने विकायला माझ्याकडे द्या. घरात ऑनलाइन करणारं कुणी नाही अशी म्हातारी माणसं नाटकाला हमखास येतात.

हेमंत, म्युनिक

काका, रोखीची तिकिटं गावकऱ्यांच्या १४० मधूनच आधी काढून ठेवू, नाहीतर तीच खुर्ची ऑनलाइनही विकली जाईल. किती ते तुम्ही सांगा.

वैशाली, लंडन

वेगळे कोड, सामाईक ४००, बँकेसाठी चार दिवस आणि चिठ्ठी, हे पक्कं. गावकऱ्यांची विक्री ठरल्या दिवशीच उघडेल, वाढीव खुर्च्या नाटकाच्या किमान तीन आठवडे आधी. ३६-३६ की ६२-१०, यावर रविवारपर्यंत मतं पाठवा. माझं मत ३६-३६ ला. काका, रोखीचा आकडा त्याआधी हवा.