पालक नोड हलला, तर नोंद तीच की नवी?

पाणलोट (प्रश्न)

आमच्या प्रणालीत राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड आहे आणि ती रोज रात्री वरून येणाऱ्या पूर्ण फाइलशी सिंक होते. प्रायमरी की म्हणून आम्ही ‘महाराष्ट्र/ठाणे/वसई/गावाचे नाव’ असा संपूर्ण मार्ग वापरतो. फाइलमध्ये प्रत्येक जागेचा कोड आणि तिच्या पालकाचा कोड येतो, पण ते आम्ही साठवत नाही. चाचणी म्हणून पालघर जिल्हा होण्यापूर्वीची आणि नंतरची यादी लागोपाठ चालवली, तेव्हा हललेल्या तालुक्यांतील सगळी गावे एकीकडे पुसली गेली, दुसरीकडे नवी म्हणून उमटली आणि त्यांना जोडलेल्या पाहणीच्या नोंदी निराधार झाल्या. माझे सहकारी म्हणतात की जिल्हा बदलला म्हणजे नोंदही बदलली, हे योग्यच आहे. मला ते पटत नाही. आपले मत काय?

नोंदवही

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्याच्या पंधरा तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. कोडच्या नजरेने पाहिले तर दोन याद्यांमध्ये फरक फक्त नऊ ओळींचा आहे: एक जिल्हा नवा आला आणि आठ तालुक्यांचा पालक बदलला. गावांच्या ओळींत काहीही बदललेले नाही, कारण प्रत्येक गावाचा पालक पूर्वीचाच तालुका आहे. नऊ ओळींच्या बदलासाठी जी प्रणाली हजारो नोंदी पुसून पुन्हा लिहिते, तिने जागेची ओळख आणि जागेचे स्थान या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

कोड ही प्रायमरी की करावी आणि पालक हा साधा, बदलू शकणारा रकाना ठेवावा. सिंक करताना क्रम मात्र काटेकोर हवा. फाइलमध्ये वसईची ओळ पालघर जिल्ह्याच्या ओळीच्या आधी येऊ शकते, म्हणून पालक न लावता आधी सगळे नोड निर्माण करावेत आणि पालक त्यानंतर एकदम लावावेत.

```sql
BEGIN;
INSERT INTO place (code, name)
SELECT code, name FROM stage
ON CONFLICT (code) DO UPDATE SET name = EXCLUDED.name;

UPDATE place p SET parent_code = s.parent_code
FROM stage s
WHERE p.code = s.code
  AND p.parent_code IS DISTINCT FROM s.parent_code;
COMMIT;
```

फाइलमधून नाहीशा झालेल्या नोंदी हटवण्याचे काम याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पण सर्वांत शेवटी करावे.

घाटमाथा

मार्गाची बाजू इतक्या सहज निकालात काढू नये असे मला वाटते. पहिली गोष्ट, ‘या जिल्ह्याखालची सगळी गावे’ ही विचारणा मार्ग साठवलेला असेल तर एका अटीत होते; केवळ पालकाचा कोड असेल तर दर वेळी उतरंड चढत किंवा उतरत जावे लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 2011 ची पाहणी ठाणे जिल्ह्याच्या नावावर झालेली आहे. आज तो तालुका पालघरखाली सरकवला, की जुन्या अहवालातील ठाण्याची बेरीज आपोआप बदलते आणि छापील अहवालाशी जुळेनाशी होते. नवी नोंद केली, तर जुनी बेरीज निदान जागच्या जागी राहते. प्रश्नकर्त्याच्या सहकाऱ्यांचा विचार तसाच असावा.

नोंदवही

बेरीज बदलण्याची तुमची हरकत खरी आहे, पण तिचा उपाय नवी नोंद हा नाही. गावाला नवी ओळख दिली, तर 2011 चे गाव आणि 2021 चे गाव एकच आहे हे प्रणालीला कधीच कळणार नाही, आणि दहा वर्षांची तुलनाच बंद पडेल. त्याऐवजी स्थानाचा इतिहास वेगळ्या टेबलमध्ये ठेवावा: जागेचा कोड, पालकाचा कोड, केव्हापासून आणि केव्हापर्यंत. वसईची एक ओळ ठाण्याखाली 31 जुलै 2014 ला संपते आणि दुसरी पालघरखाली 1 ऑगस्टला सुरू होते. जुना अहवाल त्या काळातल्या ओळी पाहतो, नवा अहवाल आजच्या. मात्र ही तारीख सिंक चाललेल्या रात्रीची न धरता प्रत्यक्ष बदलाची धरावी, आणि फाइलमध्ये ती बहुधा नसते. ती कोणीतरी माणसाने भरावी लागते.

मार्ग साठवायला माझी ना नाही. वाचण्याच्या सोयीसाठी तो जरूर असावा, पण तो पालकांच्या साखळीवरून काढलेला असावा, फाइलमधून आलेला नसावा.

गडकोट

आमच्याकडे हाच प्रश्न 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा आला होता. आम्ही जुन्या आणि नव्या नावांचे एक टेबल ठेवले आणि सिंक करण्यापूर्वी नाव बदलून घेतले. तुम्हीही तेच करा, बाकीच्या खटाटोपाची गरज पडणार नाही.

पाणलोट

आपण सांगता ती नामांतराची गोष्ट आहे. तिथे एका नोडचे नाव बदलले, उतरंड तशीच राहिली. आमच्या बाबतीत वसईचे नाव तेच आहे आणि तिचा पालक वेगळा आहे. अर्थात मार्ग हीच की असल्यामुळे नामांतरानेही आमची सगळी गावे नवी होतील, हे आपल्या उदाहरणावरून लक्षात आले.

सर्व्हररूम

एका कंपनीच्या विभागांची उतरंड मी अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून दुसऱ्या प्रणालीत आणतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळ्या अंगाचा आहे. आम्ही ओळख म्हणून `objectGUID` वापरतो, `distinguishedName` वापरत नाही, त्यामुळे पुसणे आणि नव्याने लिहिणे हा प्रकार होत नाही. तरीही एका फेरीनंतर शेकडो कर्मचारी जुन्याच विभागात दिसत राहिले. कारण असे होते की आम्ही फक्त बदललेल्या नोंदी आणत होतो आणि बदल `uSNChanged` वरून ओळखत होतो. एखादा विभाग दुसऱ्या विभागाखाली नेला, की त्या विभागाच्या नोंदीचा आकडा वाढतो, पण त्याच्या आतल्या माणसांचा वाढत नाही. त्यांचा पूर्ण पत्ता मात्र बदललेला असतो. आम्ही तो पत्ता आमच्याकडे साठवला होता, आणि तो शिळा राहिला.

पाणलोट यांची फाइल आज पूर्ण येते म्हणून ही अडचण दिसणार नाही. उद्या फक्त बदललेल्या ओळी मागवल्या, तर वरचे तालुके येतील आणि त्यांची गावे येणार नाहीत.

नोंदवही

हा मुद्दा या चर्चेत हवाच होता. साठवलेला मार्ग शिळा झाला आहे का, हे ओळखायला एक छोटी तपासणी पुरते:

```sql
SELECT c.code FROM place c
JOIN place p ON p.code = c.parent_code
WHERE c.path <> p.path || '/' || c.code;
```

तालुक्यांचे मार्ग दुरुस्त झाले आणि गावांचे राहिले, तर ही विचारणा ती गावे दाखवते. मात्र गावांखाली वाड्याही नोंदवलेल्या असतील, तर त्या दिसणार नाहीत, कारण वाडीचा शिळा मार्ग गावाच्या शिळ्या मार्गाशी जुळतोच. म्हणून दाखवलेल्या ओळी दुरुस्त करून तपासणी पुन्हा चालवावी आणि ती रिकामी येईपर्यंत थांबू नये. किंवा हललेल्या नोडखालची संपूर्ण फांदी एकाच वेळी नव्याने मोजावी, जे मला अधिक पसंत आहे.

घाटमाथा

स्थानाच्या इतिहासाचे टेबल मला पटले, तेवढा भाग मी सोडतो. पण हटवण्याचे काम शेवटी करावे, हा आग्रह अनाठायी वाटतो. पालघरच्या बाबतीत तर हटवायचे काहीच नाही, ठाणे जिल्हा जागेवरच आहे. शिवाय पालक बदलताना एकेक ओळ तपासून लावली, तर चूक लगेच सापडते. सगळे एकदम लावून नंतर बघणे धोक्याचे आहे.

नोंदवही

पालघरची यादी या क्रमाची परीक्षा घेतच नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, आणि म्हणूनच पाणलोट यांनी दुसरीही एक चाचणी घ्यावी. 26 जानेवारी 2020 रोजी दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. तिथे वरचे दोन्ही जुने नोड गेले, एक नवा आला आणि तीन जिल्हे त्याखाली सरकले. आता पालकाच्या रकान्यावर `ON DELETE CASCADE` लावलेले आहे आणि हटवणे नोड निर्माण केल्यानंतर, पण पालक लावण्याआधी चालले, असे समजा. जुना प्रदेश पुसताच त्याचे जिल्हे आणि त्यांखालचे सगळे त्याच्याबरोबर जाते, आणि पालक बदलण्याची पायरी येते तेव्हा हलवायला काही उरलेलेच नसते. कोणतीही चूक नोंदवली जात नाही. पुढच्या फेरीत ती गावे त्याच कोडने परत येतात, फक्त त्यांना जोडलेले सगळे गेलेले असते. शेवटी हटवले आणि `CASCADE` ऐवजी `RESTRICT` ठेवले, तर मूल शिल्लक असलेला पालक पुसलाच जात नाही आणि फेरी तिथेच थांबते.

एकेक ओळ तपासण्याबद्दल सांगायचे, तर त्यात योग्य फाइलही नाकारली जाते. विभाग ‘क’ हा ‘ख’ चा पालक आहे. पुनर्रचनेत ‘ख’ वर गेला आणि ‘क’ त्याच्याखाली आला. ‘क’ ची ओळ आधी लावली, तर त्या क्षणी दोघे एकमेकांचे पालक ठरतात आणि तुमची तपासणी चक्र सापडले म्हणून थांबते. अंतिम चित्र मात्र निर्दोष असते. म्हणून सगळे पालक लावावेत आणि `COMMIT` करण्यापूर्वी मुळापासून खाली उतरत किती नोड सापडतात ते मोजावे. चक्रात अडकलेले नोड मुळापासून सापडत नाहीत, त्यामुळे आकडा एकूण नोंदींपेक्षा कमी आला, की सारेच मागे घ्यावे.

रानवाट

माझी शंका वेगळी आहे. आमच्याकडे येणाऱ्या यादीत कोडच जिल्ह्याच्या आकड्यांपासून सुरू होतो, म्हणजे तालुका हलला की त्याचा आणि गावांचाही कोड बदलतो. मग ओळख कशावरून ठरवायची? नावावरून जुळवून पाहिले, पण वडगाव आणि पिंपळगाव इतके आहेत की एका तालुक्यातही गोंधळ होतो.

नोंदवही

अशा वेळी स्वतःचा अर्थहीन क्रमांक तयार करावा आणि बाहेरचा कोड त्याला कालावधीसह जोडावा. जुन्या आणि नव्या कोडची जुळणी देणाऱ्याकडूनच मागवावी. ती मिळाली नाही, तर तालुका आणि गाव ही दोन्ही नावे एकत्र धरून जिथे एकच जोडी निघते तिथेच यंत्राला जुळवू द्यावे. उरलेल्या ओळी माणसानेच पाहाव्यात.

सर्व्हररूम

एका बाबतीत मी नोंदवही यांच्याशी सहमत नाही. फेरीत एक दोष दिसला म्हणून सारेच मागे घेणे आम्हाला परवडत नाही. एका विभागाचा पालक फाइलमध्ये आलाच नाही, तर आम्ही तेवढी फांदी जुन्या जागी ठेवतो, नोंद करतो आणि बाकीचे लावतो. नाहीतर एका चुकीच्या ओळीमुळे नव्या रुजू झालेल्या माणसांची खाती दिवसभर अडकून राहतात.

नोंदवही

तुमच्याकडे रोज माणसे रुजू होतात, म्हणून मला तो निर्णय समजतो. पण जुन्या जागी ठेवलेली फांदी आणि नव्या जागी गेलेल्या बाकीच्या फांद्या मिळून जी उतरंड तयार होते, ती स्रोतात कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हती. तिच्यावरून निघालेल्या बेरजांची जबाबदारी घ्यायला मी तयार होणार नाही. गावांच्या यादीला एक दिवस उशीर झाला, तर कोणाचे काही अडत नाही.

पाणलोट

कोड प्रायमरी की करण्याचे काम उद्या सुरू करतो आणि 2020 ची चाचणीही घेतो. फाइल अर्धवट आली, तर किती नोंदी हटवायच्या निघाल्यावर फेरी थांबवायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. टक्केवारी लावली, तर एखादा छोटा तालुका पूर्ण नाहीसा झाला तरी ती मर्यादा ओलांडली जाणार नाही. ज्यांनी ही मर्यादा प्रत्येक पालकासाठी वेगळी ठेवली आहे, त्यांनी कृपया लिहावे.