मदत हवी आहे: सेवा बंद असताना मॅनेजरना पाठवायच्या संदेशात संशयित कारण लिहावे का?

खराडीकर
आम्ही खराडीच्या कार्यालयातून पार्सल-बुकिंगची एक प्रणाली सांभाळतो. मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी ७:०५ पासून नवीन बुकिंग अडू लागली, तेव्हा ड्यूटीवरील सहकाऱ्याने मॅनेजर मॅडमना कळवले, “डेटाबेसची अडचण आहे, टीम काम करत आहे, लवकरच सुरू होईल.” त्यावर मॅडमनी लगेच विचारले की सगळेच बंद आहे का, ग्राहकांचे पैसे अडकले आहेत का आणि लवकरच म्हणजे किती वाजता. प्रत्येक उत्तरासाठी लॉग वाचत बसलेल्या माणसाला थांबवावे लागले. सोमवारपासून ऑन-कॉल माझ्याकडे आहे, म्हणून त्याच प्रसंगाची माहिती घेऊन मी पुढील मसुदा केला आहे.

“७:२५ ची स्थिती: ७:०५ पासून नवीन बुकिंग करणाऱ्या साधारण तीनपैकी एका ग्राहकाला त्रुटी दिसत आहे. जुन्या पार्सलचा ठावठिकाणा दिसतो आहे. डेटाबेसची जोडणी भरली आहे. ६:४० ला चढवलेल्या नव्या आवृत्तीमुळे हे झाले असावे. पैसे कापले गेले का, ते माहीत नाही. पुढील माहिती ७:४५ ला देतो.”

नव्या आवृत्तीबद्दलचे वाक्य ठेवावे की काढावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

मुठेकाठी
PostgreSQL असेल तर max_connections वाढवा. मूळ मर्यादा १०० असते आणि ती पुरत नाही. आमच्याकडे एवढ्यानेच प्रश्न सुटला होता.

रात्रपाळी
मुठेकाठी, प्रश्न संदेशाचा आहे. पण तुमच्या उपायाचाही त्या संदेशाशी संबंध येतो. ती मर्यादा बदलली की डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे सध्या यशस्वी होणारी बुकिंगही थोडा वेळ तुटतील. असे पाऊल उचलण्यापूर्वी मॅनेजरना कळवायलाच हवे.

खराडीकर, “डेटाबेसची जोडणी भरली आहे” हे तुम्ही कशावरून म्हणता? लॉगमध्ये ही ओळ दिसली असेल, तर तेवढे ठाम सांगता येते:

```
FATAL: sorry, too many clients already
```

जोडण्या कोणी अडवून ठेवल्या आहेत, हे मात्र या ओळीवरून कळत नाही. नवी आवृत्ती जोडण्या सोडत नसेल, किंवा त्याच वेळी ग्राहकांची गर्दी वाढली असेल. म्हणून मी लिहीन, “६:४० ला नवी आवृत्ती चढवली होती. तिचा संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. ७:३० ला जुनी आवृत्ती परत आणायला घेत आहोत, त्यानंतर त्रुटी थांबतात का ते पाहू.” यात वेळ ही माहिती आहे, संबंध ही शंका आहे आणि ती कशी तपासणार तेही सांगितले आहे. अर्थात त्रुटी थांबल्या तरी लगेच कारण सापडल्याचे लिहू नका, कारण नवी आवृत्ती काढताना सर्व्हर पुन्हा सुरू होतात आणि तेवढ्यानेही अडकलेल्या जोडण्या मोकळ्या होतात.

पैशांबद्दलचे वाक्य मला सर्वांत अपुरे वाटते. मॅडमना त्यावरून ग्राहकसेवेला सांगायचे आहे की लोकांना पुन्हा बुकिंग करू द्यायचे की थांबवायचे. पहिले पैसे कापले गेले असतील तर दुसऱ्यांदा कापले जातील. म्हणून लिहा, “किती जणांचे पैसे कापले गेले ते माहीत नाही. पेमेंटच्या नोंदी आणि आपल्या बुकिंग एक सहकारी ताडून पाहत आहे. आकडा येईपर्यंत ग्राहकांना पुन्हा पैसे भरण्यास सांगू नये.”

पेठेतली
मला हे पटत नाही. आमच्या मॅनेजरनी असाच संदेश जसाच्या तसा क्लायंटला पुढे पाठवला आणि “आवृत्ती” हा शब्द पाहून दोष आमच्या माथी आला. नंतर कारण निराळेच निघाले. शंका फोनवर सांगावी, लेखी नको.

सिंहगडरोड
मॅनेजरला पुढच्या संदेशाची वेळ नको असते, सेवा सुरू होण्याची वेळ हवी असते. अंदाज करा, दुप्पट करा आणि सांगा.

रात्रपाळी
सिंहगडरोड, ज्या कामाचा वेळ पूर्वानुभवाने ठाऊक आहे त्याची वेळ अवश्य सांगावी. जुनी आवृत्ती आणायला दहा मिनिटे लागतात, तर तसे लिहावे. कारणच ठाऊक नसताना सेवा कधी सुरू होईल, याचा अंदाज दुप्पट केल्याने खरा होत नाही, आणि तो क्लायंटपर्यंत वचन म्हणून पोहोचतो. ७:४५ हे वचन मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. तेव्हा नवे काही नसले तरी “७:२५ नंतर बदल नाही, पुढील माहिती ८:०५ ला” एवढे तरी गेलेच पाहिजे.

पेठेतली यांचा मुद्दा खरा आहे. तरीही फोनवरचे बोलणे रात्री पाळी बदलल्यावर पुढच्या माणसाला मिळत नाही, म्हणून मी लेखीच ठेवतो आणि वर “केवळ अंतर्गत” असे लिहितो.

पेठेतली
तो शिक्का आमच्याकडेही होता. तरीही संदेश पुढे गेला.

खराडीकर
सर्वांचे आभार. पैशांचा भाग रात्रपाळी यांच्या शब्दांत घेतो. आमचा क्लायंट लंडनचा आहे, त्यामुळे प्रत्येक वेळेपुढे “भारतीय वेळ” हेही लिहीन. आवृत्तीचे वाक्य पुढे पाठवले जाणार का, हे सोमवारपूर्वी मॅडमनाच विचारतो. ज्यांच्याकडे अंतर्गत आणि क्लायंटसाठी असे दोन वेगळे संदेश जातात, तिथे दुसरा कोण लिहितो? आम्ही रात्री दोघेच असतो.