कर्ज मंजूर झाले, पण आधी शुल्क भरा : आपले अनुभव सांगा

वैयक्तिक कर्ज मंजूर झाल्याचा संदेश पाठवून, रक्कम देण्यापूर्वी प्रक्रिया शुल्क किंवा विम्याचा हप्ता मागण्याचे प्रकार आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असतील. मागणी कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणाने आली, हे तपशिलाने लिहावे.

रानवारा : माझ्या मेहुण्यांना दोन लाखांचे मंजुरीपत्र व्हॉट्सॲपवर आले, त्यावर एका नामांकित वित्तसंस्थेचे बोधचिन्ह, शिक्का आणि सही होती. प्रथम २,४५० रुपये प्रक्रिया शुल्क, मग ‘परत मिळणारा’ ६,८०० रुपयांचा विमा, आणि तो भरल्यावर खाते क्रमांकातील एक अंक चुकल्यामुळे रक्कम अडकली असून ती सोडवण्यासाठी ९,५०० रुपये लागतील, असे सांगण्यात आले. यूपीआयवर दर वेळी निराळ्या व्यक्तीचे नाव दिसत होते. विचारल्यावर ‘ते आमचे लेखापाल आहेत’ असे उत्तर मिळाले.

जुना खातेदार : कर्जाला विमा सक्तीचाच असतो, त्यामुळे त्या मागणीत मला काही वावगे दिसत नाही. मात्र आधी पैसे मागणारा प्रत्येक जण ठग समजावा.

निवृत्त शाखाधिकारी : दोन्ही विधाने अर्धवट आहेत. वैयक्तिक कर्जाला विमा ऐच्छिक असतो, आणि घेतलाच तर त्याचा हप्ता बहुधा कर्जातच मिळवतात. उलट गृहकर्जात काही बँका अर्जासोबतच शुल्क घेतात, पण ते बँकेच्या स्वतःच्या खात्यात जाते आणि त्याची पावती मिळते. वैयक्तिक कर्जात शुल्क सहसा मिळणाऱ्या रकमेतूनच वळते होते : दोन लाखांवर २ टक्के म्हणजे ४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२० वजा जाता १,९५,२८० रुपये जमा होतात. हा सारा हिशेब करारापूर्वी द्यायच्या मुख्य तथ्य विवरणपत्रात, वार्षिक दरासह, असावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. मेहुण्यांना ते मिळाले होते का?

रानवारा : नाही. मागितल्यावर तेच मंजुरीपत्र पुन्हा आले.

माळावरची : आमच्या पतसंस्थेनेही कर्ज देताना भागभांडवलाचे पैसे कापले. ही फसवणूकच ना?

निवृत्त शाखाधिकारी : नाही, ते आपल्या नावावरचे भाग आहेत, तो विषय वेगळा आहे.

घाटमाथा : माझ्या भावाने पैसे गेल्यावर तासाभरातच १९३० वर तक्रार नोंदवली. समोरच्या खात्यात शिल्लक असलेली थोडी रक्कम गोठवली गेली, परंतु ती परत मिळवण्याचा अर्ज अजून न्यायालयात पडून आहे. उरलेली रक्कम तोवर पुढच्या खात्यांत गेली होती.

रानवारा : तक्रार आम्हीही cybercrime.gov.in वर केली आहे. आधार आणि पॅनच्या प्रती त्यांच्याकडेच राहिल्या, त्यांचे काय करावे?

घाटमाथा : पतअहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो काढून अनोळखी चौकशी किंवा कर्ज दिसते का ते पाहावे. भावाच्या अहवालात अद्याप काही आलेले नाही. पुढे येणार नाही, असे मात्र कोणी सांगितलेले नाही.